वॉर्डातले कच्चे टिपण आणि क्लार्कशिपची चिंतनपर नोंद

क्लार्कशिपमधील चिंतनपर नोंद ही केस पेपर आणि डायरी यांच्या मधली गोष्ट आहे. केस पेपरात रुग्णाला काय झाले ते असते, डायरीत लिहिणाऱ्याला काय वाटले ते असते. चिंतनपर नोंदीचा विषय म्हणजे विद्यार्थी आणि रुग्ण यांच्यात जे घडले ते. विद्यार्थ्याने काय विचारले, काय गृहीत धरले, कुठे अडले, त्यातून त्याला स्वतःच्या कामाबद्दल काय कळले आणि आता तो नेमके काय करणार आहे, एवढे त्या नोंदीत यावे लागते.

भारतात एमबीबीएससाठी 2019 पासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात क्लार्कशिपला ‘लर्नर-डॉक्टर पद्धत’ असे नाव आहे. युनिटच्या ॲडमिशनच्या दिवशी भरती झालेले काही रुग्ण विद्यार्थ्याला नेमून दिले जातात. तो वरिष्ठ रेसिडेंट किंवा अध्यापकाच्या देखरेखीखाली त्यांची जबाबदारी घेतो, राउंडला ते रुग्ण सादर करतो आणि डिस्चार्जपर्यंत त्यांचा पाठपुरावा ठेवतो. स्वतंत्र ताबा मात्र त्याच्याकडे कधीच नसतो. या साऱ्याची नोंद लॉगबुकात ठेवायची असते आणि चिंतन हा तिचाच एक भाग आहे.

वर्णन, भावना, विश्लेषण आणि शिकण्याचा आराखडा हे नोंदीचे चार भाग ग्रॅहॅम गिब्ज यांनी 1988 मध्ये मांडलेल्या चिंतनचक्राशी जुळतात. मूळ चक्रात सहा पायऱ्या आहेत. वर्णन आणि भावना यांच्यानंतर प्रसंगात काय चांगले-वाईट झाले त्याचे मूल्यमापन येते, मग विश्लेषण, निष्कर्ष आणि कृतियोजना. चार भागांच्या नोंदीत मूल्यमापन आणि निष्कर्ष विश्लेषणातच सामावतात. हे समजून घेतले नाही तर विद्यार्थी वर्णनाच्या शेवटीच ‘हे चुकले, ते बरोबर झाले’ असा निवाडा देऊन मोकळा होतो आणि विश्लेषणात लिहायला त्याच्याजवळ काही उरत नाही.

पुढे एकच प्रसंग या चारही भागांतून नेला आहे. तो नमुन्यासाठी रचलेला आहे, पण मेडिसिनच्या वॉर्डात पोस्टिंग केलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल.

कच्चे टिपण

चांगल्या नोंदीची सुरुवात त्याच दिवशी केलेल्या वेड्यावाकड्या टिपणातून होते. दोन-तीन दिवस गेले की माणसाची स्मृती प्रसंग नीटनेटका करून टाकते. बोललेले शब्द विसरले जातात आणि त्यांच्या जागी त्या शब्दांचा लावलेला अर्थ लक्षात राहतो. म्हणून राउंड संपल्यावर पाच मिनिटे बसून चार-सहा तुटक ओळी लिहाव्यात. त्यात तीन गोष्टी आवर्जून असाव्यात: कुणीतरी उच्चारलेले एखादे वाक्य जसेच्या तसे, स्वतः केलेली किंवा न केलेली एखादी कृती आणि मनाला खटकलेली जागा. निदान, तपासण्या, औषधे केस पेपरात मिळतातच. ती उतरून घेण्यात वेळ घालवू नये.

नमुन्यातले टिपण असे आहे:

> हार्ट फेल्युअर, साठीची बाई, तिसरी ॲडमिशन. पायांवर सूज. मी सांगितलं नॉन-कम्प्लायन्ट. मॅडम: कोणती गोळी? कोणत्या दिवशी? मी गप्प. सगळ्यांसमोर. मग मावशी म्हणाल्या, रानात सारखं कुठं जायचं? काल मला तर ‘घेते की’ म्हणाल्या होत्या. खोटं का सांगितलं? खरं तर मी नीट विचारलंच नव्हतं. घाई होती.

या दहा-बारा तुकड्यांत पूर्ण नोंदीचा ऐवज आहे. ‘खोटं का सांगितलं’ आणि ‘मी नीट विचारलंच नव्हतं’ ही दोन वाक्ये एकमेकांच्या विरोधात जातात. विद्यार्थ्याचे मत कुठे बदलू लागले ती जागा तिथे दिसते. कच्चे टिपण वाचताना असा विरोध आधी शोधावा, कारण पुढचे विश्लेषण बहुधा त्यातूनच निघते. टिपणात असा एकही ताण नसेल तर प्रसंग चिंतनाच्या कामाचा नाही असे समजून दुसरा निवडावा. प्रसंग नाट्यमय असण्याची गरज नसते. पहिला मृत्यू, पहिले सीपीआर असे मोठे प्रसंग विद्यार्थी हमखास निवडतात; पण तिथे त्याचा स्वतःचा वाटा थोडा असतो आणि नोंद बघ्याच्या वृत्तांतावर थांबते. न विचारलेला एखादा प्रश्न पुष्कळदा जास्त शिकवून जातो.

वर्णन

वर्णनात घटनेचा क्रम आणि विद्यार्थ्याची त्यातली भूमिका एवढेच यावे. पाचशे शब्दांच्या नोंदीत त्याला शंभर-सव्वाशे शब्द पुरतात. पहिला मसुदा लिहिताना बहुतेकांचे वर्णन तीनशे शब्दांपर्यंत जाते, कारण केस सादर करण्याची सवय हाताला लागलेली असते: मुख्य तक्रारी, पूर्वेतिहास, नाडी, रक्तदाब, श्वसनसंस्था. यातले काय ठेवायचे हे ठरवायला एक साधी कसोटी आहे. जो तपशील विश्लेषणात पुन्हा वापरला जाणार आहे तो ठेवावा, बाकीचा काढावा. या प्रसंगात पायांवरची सूज ठेवावी लागते, कारण ती पाहून विद्यार्थ्याला शंका आली होती. फुप्फुसांतला आवाज नेमका कुठे ऐकू आला हा तपशील रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा असला तरी या नोंदीत त्याचे काम नाही.

दुसरी गोष्ट निवाड्याच्या शब्दांची. ‘दुर्दैवाने’, ‘निष्काळजीपणे’, ‘रुग्ण सहकार्य करत नव्हती’ असे शब्द वर्णनात शिरले की पुढच्या भागात तपासायचे मत आधीच ठरून जाते. तिथे जे दिसले आणि ऐकू आले तेच लिहावे. रुग्णाचे बोलणे शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवावे. त्याचे ‘रुग्णाने सामाजिक अडचण व्यक्त केली’ असे भाषांतर केले की नोंदीतला सगळ्यात मोलाचा पुरावा हातचा जातो.

> युनिटच्या ॲडमिशनच्या दिवशी साठीच्या आसपासच्या एक बाई मला नेमून दिल्या होत्या. हार्ट फेल्युअरसाठी चार महिन्यांतली ही त्यांची तिसरी भरती. इतिहास घेताना मी विचारले, ‘मावशी, गोळ्या वेळेवर घेता ना?’ त्या म्हणाल्या, ‘घेते की.’ पायांवरची सूज पाहून मला शंका आली, पण अजून दोन रुग्ण पाहायचे होते म्हणून मी पुढे विचारले नाही. दुसऱ्या दिवशी राउंडला मी ‘पेशंट नॉन-कम्प्लायन्ट आहे’ असे सांगितले. युनिटप्रमुख मॅडमनी विचारले, ‘कोणती गोळी? कोणत्या दिवशी?’ मला सांगता आले नाही. त्यांनी स्टुलावर बसून एकेक गोळी दाखवत विचारले. बाकीच्या गोळ्या रोज घेतल्या जात होत्या. लघवीची सकाळची गोळी, फ्युरोसेमाइड, तेवढी खुरपणीला जायच्या दिवशी राहत होती. ‘रानात सारखं कुठं जायचं?’ असे त्या म्हणाल्या. आठवड्यातले असे चार दिवस.

यात ‘स्टुलावर बसून एकेक गोळी दाखवत’ हा तपशील वरवर किरकोळ वाटतो. मॅडमना जे कळले ते विद्यार्थ्याला का कळले नाही, याचे अर्धे उत्तर त्यात आहे, म्हणून तो ठेवला आहे.

भावना

चार भागांत सर्वांत साचेबद्ध लिहिला जातो तो हा भाग. ‘मला खूप वाईट वाटले आणि रुग्णाबद्दल सहानुभूती वाटली’ हे वाक्य कोणत्याही वॉर्डातल्या कोणत्याही रुग्णाला लावता येते, आणि तपासणाऱ्या अध्यापकांनी ते शेकडो वेळा वाचलेले असते. भावना लिहायची ती तिच्याकडून माहिती मिळते म्हणून. विद्यार्थ्याने काय गृहीत धरले होते, हे भावना बहुतेक वेळा विचारांच्या आधी उघड करते.

त्यासाठी भावना क्षणाला बांधून लिहावी. प्रसंगाचे तीन क्षण घ्यावेत: घडण्यापूर्वीचा, घडतानाचा आणि लिहीत बसल्याचा. प्रत्येक क्षणी वेगळे काही वाटलेले असते. जी भावना लिहायला संकोच वाटतो ती टाळू नये, कारण कामाची तीच असते. नमुन्यातल्या विद्यार्थ्याला लाज वाटली हे तो सहज लिहील. रुग्णाचा राग आला हे लिहिणे अवघड आहे, आणि पहिल्या मसुद्यात ते बहुधा नसतेच.

> राउंडला उत्तर देता आले नाही तेव्हा लाज वाटली, कान तापले. त्याच क्षणी मावशींचा राग आला: काल मला ‘घेते की’ असे का सांगितले? ‘रानात कुठं जायचं’ हे ऐकल्यावर तो राग टिकला नाही. आता लिहिताना सगळ्यात जास्त टोचते ते वेगळेच आहे. सूज पाहून मला शंका आली होती आणि ती मी घाईत बाजूला ठेवली.

रागाच्या त्या वाक्यामुळे एक गृहीतक उघड्यावर आले: रुग्णाने माहिती दडवली, असे विद्यार्थ्याला वाटत होते. ते खरे होते का, हे विश्लेषणात तपासता येते. राग लिहिलाच नसता तर तपासायला काही नव्हते. साठ ते ऐंशी शब्दांत हा भाग संपवावा. भावनांवर दोन परिच्छेद गेले तर लिहिणाऱ्याला अजून कुणाशी तरी बोलून मन मोकळे करण्याची गरज आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. मृत्यू, हिंसा किंवा लहान मुलाचा त्रास पाहिल्यानंतर असे होणे स्वाभाविक आहे. तेव्हा लॉगबुक बाजूला ठेवून मार्गदर्शक अध्यापकाशी बोलावे आणि नोंद नंतर लिहावी.

विश्लेषण

नोंदीचा निम्मा भाग, म्हणजे पाचशेतले दोनशे ते अडीचशे शब्द, विश्लेषणाला द्यावेत. पहिल्या मसुद्यात इथे दोन प्रकारच्या चुका दिसतात. एक, वर्णनच वेगळ्या शब्दांत पुन्हा येते. दोन, पाठ्यपुस्तकातली हार्ट फेल्युअरची कारणे आणि उपचार उतरवले जातात. दुसरी चूक ओळखणे सोपे आहे: रुग्णाला आणि विद्यार्थ्याला नोंदीतून काढून टाकले तरी परिच्छेद जसाच्या तसा उभा राहत असेल, तर ते विश्लेषण नव्हे.

विश्लेषणाचा प्रश्न नेहमी ‘का’ने सुरू व्हावा आणि त्यात विद्यार्थी स्वतः असावा. ‘रुग्णाने गोळी का टाळली?’ हा प्रश्न चांगला आहे, पण तो अर्धा आहे. उरलेला अर्धा असा: ‘तिने गोळी का टाळली हे मला का कळले नाही?’ नमुन्याच्या प्रसंगात या दुसऱ्या प्रश्नाला तीन धागे फुटतात.

पहिला धागा प्रश्नाच्या रचनेचा. ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ यातल्या ‘ना’मध्ये अपेक्षित उत्तर दडलेले आहे. पांढरा ॲप्रन घातलेल्या माणसाला त्यावर ‘नाही’ म्हणणे मराठी बोलणाऱ्या कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला अवघड जाते. शिवाय प्रश्न ‘गोळ्यां’बद्दल होता, एका गोळीबद्दल नव्हता. मावशी बहुतेक गोळ्या रोज घेत होत्या, म्हणजे ‘घेते की’ हे उत्तर विचारलेल्या प्रश्नाला बऱ्याच अंशी खरेच होते. विद्यार्थ्याचा राग ज्या समजुतीवर उभा होता ती इथे कोसळते, आणि अशी जागा नोंदीत स्पष्ट लिहून दाखवावी.

दुसरा धागा ‘नॉन-कम्प्लायन्ट’ या शब्दाचा. हा शब्द उच्चारला की शोध थांबतो, कारण तो कारण सांगितल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात औषध न घेण्याचे निदान दोन प्रकार असतात. एकात माणूस विसरतो, त्याला पुडीवरचे वाचता येत नाही किंवा गोळ्या संपलेल्या असतात. दुसऱ्यात तो जाणूनबुजून ठरवून गोळी टाळतो. मावशींचे दुसऱ्या प्रकारचे होते. उघड्या रानात, चार माणसांत दर अर्ध्या तासाने आडोसा शोधण्यापेक्षा सूज परवडली, असा त्यांचा हिशेब होता. प्रकार ओळखला की उपायही बदलतो. विसरणाऱ्याला गोळ्यांचा डबा किंवा घरच्यांची आठवण उपयोगी पडते. विचार करून टाळणाऱ्या माणसाला त्याचा काहीच उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 मध्ये दीर्घकालीन उपचारांचे पालन या विषयावर अहवाल काढला. त्यात पालनावर परिणाम करणाऱ्या घटकांचे पाच गट केले आहेत: सामाजिक-आर्थिक, आरोग्यव्यवस्थेचे, आजाराचे, उपचाराचे आणि रुग्णाचे. विद्यार्थ्याने सगळा भार शेवटच्या गटावर टाकला होता. शौचालयाविना काम करावे लागणे हा पहिल्या गटातला अडथळा आहे, सकाळच्या वेळी दिलेली गोळी हा चौथ्या गटातला. अहवालाचा असा उपयोग झाला तर तो नोंदीत शोभतो. नुसते नाव घेण्यासाठी संदर्भ आणू नये.

तिसरा धागा औषधाच्या माहितीचा. तोंडाने घेतलेल्या फ्युरोसेमाइडचा परिणाम साधारण तासाभरात सुरू होतो, एक-दोन तासांत कमाल पातळीवर येतो आणि सहा तासांच्या आसपास टिकतो. सकाळी आठला घेतलेली गोळी म्हणजे दुपारी दोनपर्यंतचा वेळ, आणि तोच खुरपणीचा वेळ. विद्यार्थ्याला हे आकडे परीक्षेसाठी पाठ होते. ते रुग्णाच्या दिवसाशी जोडून पाहण्याची वेळ यापूर्वी आली नव्हती. युनिटने वेळ बदलून कामाच्या दिवशी घरी परतल्यावर चारच्या सुमारास गोळी घ्यायला सांगितली, म्हणजे रात्री झोपेपर्यंत परिणाम ओसरतो. हा निर्णय युनिटचा होता. नोंदीतही तो तसाच लिहावा, विद्यार्थ्याच्या नावावर नव्हे.

इथे एक पाऊल पुढे जायला हवे. उत्तर सापडल्याच्या आनंदात ‘रानात कुठं जायचं’ हेही नव्या ‘नॉन-कम्प्लायन्ट’सारखे शेवटचे उत्तर होऊन बसते. वारंवार सूज येण्यामागे लोणचे, पापड, सुकी मासळी यांतले मीठ असू शकते. गुडघेदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या शरीरात पाणी धरून ठेवतात. हृदयाचे ठोके अनियमित झालेले असू शकतात, रक्त कमी असू शकते. हे विचारले गेले का, हे विद्यार्थ्याने स्वतःला विचारावे आणि विचारले नसेल तर तसे लिहावे. पहिले पटलेले कारण मिळताच विचार थांबवणे ही निदानातली जुनी चूक आहे, आणि या प्रसंगात ती लागोपाठ दोनदा होण्याचा धोका होता.

पक्क्या नोंदीत हे सारे असे उतरते:

> मला उत्तर मिळाले नाही याचे पहिले कारण माझा प्रश्न. ‘घेता ना?’ याला ‘हो’ हेच उत्तर सोपे होते, आणि मी सगळ्या गोळ्यांबद्दल एकत्र विचारले होते. मावशी खोटे बोलल्या नव्हत्या. बहुतेक गोळ्या त्या घेतच होत्या. दुसरे कारण, ‘नॉन-कम्प्लायन्ट’ म्हटल्यावर मला कारण सापडल्यासारखे वाटले. त्यांनी गोळी विसरून नव्हे, ठरवून टाळली होती. त्यामुळे मी मनात ठरवलेले ‘समुपदेशन’ म्हणजे गोळी घ्या असे पुन्हा सांगणे झाले असते, आणि ते त्यांना आधीच माहीत होते. फ्युरोसेमाइडचा परिणाम सुमारे सहा तास राहतो हे मला पाठ होते, पण ते सहा तास त्यांच्या दिवसात कुठे येतात हा विचार मी केला नाही. मॅडमनी वेगळे केले ते एवढेच: बसल्या, एकेक गोळी हातात घेतली आणि दिवस विचारले. यात तीनेक मिनिटे गेली. मला घाई होती हे कारण त्यामुळे अपुरे ठरते. मीठ आणि वेदनाशामक गोळ्यांबद्दल मी अजूनही विचारलेले नव्हते, ते दुपारी जाऊन विचारले.

विश्लेषणात दुसऱ्याची चूक दिसू शकते. रेसिडेंटने मागच्या डिस्चार्जच्या वेळी गोळीची वेळ समजावली नव्हती, असेही निघू शकते. तेव्हा ‘मागच्या डिस्चार्ज कार्डावर वेळेबद्दल सूचना दिसली नाही’ एवढी दिसलेली वस्तुस्थिती लिहावी आणि लगेच स्वतःच्या वाट्याकडे वळावे. रेसिडेंट किती थकलेले असतात किंवा किती बेफिकीर असतात यावर नोंदीत मत देऊ नये.

विद्यार्थी कोणत्या टप्प्यावर आहे त्यानुसार विश्लेषणाचा भर बदलतो. दुसऱ्या वर्षात इतिहास घेणे, तपासणी आणि संवाद हाच क्लार्कशिपचा गाभा असतो, म्हणून तिथे प्रश्नाच्या रचनेचा पहिला धागाच खोलवर नेला तरी पुरे. अंतिम वर्षात उपचाराचा निर्णय आणि त्याचा परिणाम यांचा विचार अपेक्षित असतो, तेव्हा गोळीच्या वेळेचा धागा अधिक तपशिलात यावा.

शिकण्याचा आराखडा

‘यापुढे इतिहास अधिक काळजीपूर्वक घेईन आणि वाचन वाढवीन.’ बहुसंख्य नोंदी या किंवा अशाच वाक्याने संपतात. हे पाळले गेले की नाही ते महिन्याभराने कुणालाच सांगता येणार नाही, स्वतः लिहिणाऱ्यालाही नाही. आराखड्यातल्या प्रत्येक वाक्याला विचारावे: काय करणार, किती वेळा, कोणत्या तारखेपर्यंत, आणि झाले हे कोण पाहणार? शिवाय ते वाक्य विश्लेषणातल्या एखाद्या धाग्याला उत्तर देत असले पाहिजे. विश्लेषण संवादाबद्दल आणि आराखडा औषधशास्त्राचे प्रकरण वाचण्याबद्दल, अशी फारकत पुष्कळ नोंदींत दिसते.

आराखडा विद्यार्थ्याच्या अधिकारात बसणाराही हवा. ‘मी रुग्णांच्या गोळ्यांच्या वेळा बदलून देईन’ हे त्याला करता येत नाही. ‘रुग्णाच्या कामाच्या वेळा विचारून राउंडला सांगेन’ हे करता येते.

> पुढच्या दोन आठवड्यांत नेमून मिळणाऱ्या, दीर्घकाळ औषधे घेणाऱ्या पाच रुग्णांना मी बसून, प्रत्येक गोळी दाखवून विचारेन: ‘बऱ्याच जणांची एखादी गोळी राहून जाते. गेल्या सात दिवसांत ही किती दिवस राहिली? त्या दिवशी काय होतं?’ पाचही उत्तरे रुग्णाच्या शब्दांत टिपून ठेवीन. त्यांपैकी एका वेळी रेसिडेंटना शेजारी थांबून पाहायची विनंती करीन आणि अभिप्राय घेईन. राउंडला ‘नॉन-कम्प्लायन्ट’ असे न म्हणता कोणती गोळी, किती दिवस, कोणत्या कारणाने, या क्रमाने सांगेन. मावशींच्या डिस्चार्जच्या वेळी हजर राहून, गोळी कधी घ्यायची आणि रोज सकाळी वजन करून तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले तर दवाखान्यात यायचे, हे त्यांनी त्यांच्या शब्दांत परत सांगितले का ते पाहीन.

प्रश्नातले ‘बऱ्याच जणांची एखादी गोळी राहून जाते’ हे वाक्य मुद्दाम आहे. गोळी राहिली हे कबूल करणे त्यामुळे लाजिरवाणे राहत नाही. ‘गेल्या सात दिवसांत’ म्हटल्याने उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ न येता आकड्यात येते. घरी वजनकाटा नसेल तर शेवटचा सल्ला कागदावरच राहतो, म्हणून काटा आहे का हे आधी विचारावे. नसल्यास जवळच्या आरोग्य केंद्रात ठरावीक दिवशी वजन करता येईल का ते पाहावे. आराखड्यात तीनपेक्षा जास्त कामे घेतली तर पोस्टिंगच्या धबडग्यात ती होत नाहीत. नमुन्यातलीही कामे मोजली तर जेमतेम तितकीच आहेत.

गोपनीयता आणि नोंदीची हद्द

नाव आणि आयपीडी क्रमांक वगळला म्हणजे रुग्ण ओळखू येत नाही असे नाही. गाव, नेमके वय, भरतीची तारीख, खाटेचा क्रमांक आणि एखादा दुर्मीळ व्यवसाय यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की त्याच जिल्ह्यातला वाचक माणूस ओळखतो. म्हणून वय ‘साठीच्या आसपास’, गाव नाही, तारखेऐवजी ‘ॲडमिशनच्या दिवशी’ असे लिहावे. खुरपणी मात्र ठेवावी लागते, कारण तिच्याशिवाय प्रसंगाला अर्थ उरत नाही. आणि ते काम करणाऱ्या बाया इतक्या आहेत की त्यावरून कुणी ओळखू येत नाही. कच्च्या टिपणालाही हाच नियम लावावा. रुग्णाचा किंवा केस पेपराचा फोटो मोबाइलमध्ये ठेवून त्यावरून नोंद लिहिण्याची सवय लागू देऊ नये.

औषध चुकीचे दिले गेले, रक्त बदलले गेले अशी इजा पोहोचवणारी घटना घडली असेल तर ती आधी युनिटला आणि रुग्णालयाच्या ठरलेल्या मार्गाने कळवायची असते. लॉगबुक ही त्याची जागा नव्हे. ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या चिंतनपर नोंदी त्यांच्याविरुद्ध वापरल्या जातील का यावर मोठा वाद झाला. त्यानंतर 2018 मध्ये तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलने इतर संस्थांसह मार्गदर्शिका काढली. घटनेचा संपूर्ण तपशील नोंदीत देण्यापेक्षा त्यातून काय शिकलो यावर भर द्यावा आणि माहिती ओळख पटणार नाही अशी ठेवावी, असा तिचा सूर आहे. भारतातल्या विद्यार्थ्यालाही हा मार्ग सुरक्षित आहे.

दुसरा हात आणि पाठपुरावा

कच्चे टिपण त्याच दिवशी आणि पक्की नोंद दोन-तीन दिवसांनी, एवढे अंतर ठेवावे. लिहिताना चार भाग क्रमाने लिहिण्याची सक्ती नाही. आधी विश्लेषण लिहून मग त्याला लागेल तेवढेच वर्णन ठेवले तर नोंद आटोपशीर होते. दुसरा हात फिरवताना शेवटून सुरुवातीकडे वाचत यावे. आराखड्यातले प्रत्येक काम विश्लेषणातल्या कोणत्या वाक्यातून आले, ते वाक्य वर्णनातल्या किंवा भावनेतल्या कोणत्या तपशिलावर उभे आहे, हे बोटाने दाखवता आले पाहिजे. जे दाखवता येत नाही ते काढावे.

अध्यापकाला नोंद दाखवताना सहीपुरते न थांबता, जिथे अजून उलगडा झालेला नाही अशी एक जागा दाखवून विचारावे. मग आराखड्याची मुदत संपल्यावर नोंदीखाली तारखेसह दोन-तीन ओळी जोडाव्यात. नमुन्यातल्या विद्यार्थ्याच्या त्या ओळी अशा आहेत:

> पाचपैकी चार रुग्णांनाच विचारता आले. दोघांची एकही गोळी राहिली नव्हती. एका काकांनी रात्रीची गोळी ‘झोप येते आणि पहाटे धारेला उठवत नाही’ म्हणून सोडली होती. राउंडला सांगितले, सरांनी ती बदलली. चौथ्यांना विचारताना मी पुन्हा ‘घेता ना’ म्हणालो. रेसिडेंटनी लक्षात आणून दिले. ही सवय अजून गेलेली नाही, पुढच्या पोस्टिंगमध्ये आणखी पाच रुग्ण घेणार.